फुकट आहे का? सेफ आहे का?

संगणकावर मराठी लिहिता येते अशी आमच्या साखळीत माझी थोडीफार ओळख आहे. म्हणजे फार काही नाही, पण कोणाला उत्सवाची पत्रिका हवी असते, कोणाला नाटकाची संहिता टाईप करून हवी असते, कोणाला पंचायतीत मराठीतून अर्ज द्यायचा असतो. अशी मंडळी मला मेसेज पाठवतात. पहिला मेसेज बहुधा ठरलेला असतो. वर एखादी फाईल किंवा लिंक, आणि खाली दोन वाक्ये: "हें फुकट मरे? सेफ आसा मरे?" आपल्याला काय काम करायचे आहे, कुठल्या यंत्रावर करायचे आहे, ती फाईल कुठून आली, यातले काहीच नसते. खरा प्रश्न दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी येतो.

आमचे काही जाणकार मित्र अशा मेसेजला हसतात. 'आधी वापरून तर बघा' असे सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. हाताशी एकच लॅपटॉप, त्यात मुलांच्या शाळेची कामे आणि घरच्यांचे फोटो, फोनमध्ये बँकेचे खाते, अशा माणसाने आधी पैशाचे आणि धोक्याचे विचारले तर त्यात हसण्यासारखे काय आहे? प्रश्न दोन्ही रास्त आहेत. अडचण एवढीच, की ज्या रूपात ते विचारले जातात त्या रूपात त्यांना उत्तरच नसते. आणि जे दोन वेगवेगळे प्रश्न वाटतात ते पुष्कळदा एकच असतात.

आधी 'फुकट'चे पाहू. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत आणि त्यावर तिथे बरीच वर्षे वाद झाले. आपल्याकडे तो घोळ नाही. ज्याला पैसे पडत नाहीत ते फुकट, आणि ज्याच्यावर बंधन नाही ते मुक्त. हे दोन शब्द हाताशी असताना आपण विचारतो मात्र फक्त पहिला.

फुकटाचेही प्रकार आहेत. एक, आज फुकट पण उद्याचे माहीत नाही. 'बरहा' आठवते का? कन्नडसाठी सुरू झालेले आणि पुढे मराठीसकट इतर भारतीय भाषांत पसरलेले ते सॉफ्टवेअर बरीच वर्षे फुकट मिळत होते. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी संगणकावरचे पहिले मराठी वाक्य त्यात लिहिले. पुढच्या आवृत्त्यांना पैसे पडू लागले. बनवणाऱ्याने मेहनतीचे पैसे मागितले यात गैर काहीच नाही. पण 'फुकट आहे का' या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षाला 'हो' होते आणि नंतर 'नाही' झाले, हे लक्षात ठेवावे.

दुसरा प्रकार, घरी वापराल तर फुकट. अनेक सुंदर देवनागरी फाँट असे मिळतात. सोबत एक छोटी मजकुराची फाईल असते आणि तिच्यात 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असे लिहिलेले असते. घरच्या बारशाची पत्रिका केली तर ठीक. पण त्याच फाँटात जाहिराती घेऊन स्मरणिका काढली तर तो वैयक्तिक वापर उरत नाही. ही फाईल उघडून वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तिसरा प्रकार खरा मुक्त. फाँटच्या जगात त्यासाठी 'ओपन फाँट लायसन्स' नावाचा परवाना आहे. मुंबईच्या एक टाईप या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बलू', आयआयटी मुंबईचा 'शोभिका', मराठी वळणाच्या अक्षरांसाठी मुद्दाम केलेला 'टिरो देवनागरी मराठी' हे सगळे त्या परवान्याखाली आहेत. परवान्याचा मतितार्थ साधा आहे. वापरा, दुसऱ्याला द्या, बदल करा, त्यात छापलेले पुस्तक विका. नुसता फाँट तेवढा स्वतंत्र माल म्हणून विकू नका, आणि बदल केलेला फाँट दुसऱ्याला दिलात तर त्याच परवान्याखाली द्या. त्या फाँटात लिहिलेला तुमचा मजकूर तुमचाच राहतो, त्याला परवाना लागू होत नाही. फाँटच्या झिप फाईलमध्ये बहुधा OFL.txt नावाची फाईल असते. ती दिसली की 'फुकट का' या प्रश्नाचे उत्तर तर मिळतेच, शिवाय 'उद्या फुकट राहील का' याचेही मिळते. तुमच्या हातात आलेली प्रत दिलेल्या अटींवर तुमच्याकडे कायम राहते.

आता एक प्रसंग तपशिलात घेतो. विठ्ठलापूरच्या चैत्रीच्या दिवसांत आमच्या भागातल्या एका भजनी मंडळाला कार्यक्रमपत्रिका आणि चार-आठ पानांची स्मरणिका काढायची होती. मंडळाच्या सचिवांनी मला एक सेटअप फाईल पाठवली. 'गूगल इनपुट टूल्स मराठी ऑफलाईन' असे तिचे नाव. खाली नेहमीचे दोन प्रश्न. मी त्यांना विचारले, "भाऊ, ही कुठून मिळाली?" पुण्याच्या भाच्याने पाठवली म्हणाले. भाच्याला मित्राने दिली होती. मित्राला कुठून मिळाली, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

ही फाईल आपल्याकडे अजूनही घरोघर फिरते, म्हणून तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. विंडोजवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याचे हे साधन गूगलने खरोखरच काढले होते आणि ते फुकट होते. काही वर्षांपूर्वी गूगलने विंडोजसाठीची ती फाईल आपल्या पानावरून काढून टाकली. आता तिथे ब्राउझरमधली सोय मिळते, विंडोजवर बसवायची फाईल मिळत नाही. पण मागणी थांबली नाही. मग कोणकोणत्या संकेतस्थळांनी आपल्याकडच्या जुन्या प्रती ठेवल्या, कोणी त्या नव्याने बांधल्या, कोणी सोबत आणखी काहीतरी जोडले. म्हणजे नाव गूगलचे, पण प्रत कोणाची ते सांगता येत नाही. 'गूगलचे आहे म्हणजे सेफ' हे वाक्य इथे अपुरे पडते. सुरक्षितता नावाची नसते, हातात आलेल्या त्या विशिष्ट प्रतीची असते. देवळातल्या तीर्थाची खात्री असली तरी वाटेत कोणाच्या बाटलीतून ते आले हे बघावे लागते, तसेच हे.

प्रत तपासायची कशी? विंडोजवर फाईलवर उजवी क्लिक करून Properties उघडावे. वर Digital Signatures नावाचा टॅब दिसला तर त्यात सही कोणाची ते वाचावे, आणि Details दाबून सही वैध आहे असे लिहिले आहे का ते पाहावे. सही बनवणाऱ्याच्याच नावाची आणि वैध असेल, तर फाईल त्यानेच केली आणि नंतर तिच्यात कोणी हात घातला नाही, एवढे कळते. टॅबच नसेल किंवा भलतेच नाव असेल तर तिथेच थांबावे. सहीचा अर्थ 'सॉफ्टवेअर चांगले आहे' असा मात्र नव्हे. बाँडपेपरवर सही कोणाची ते कळते, आत लिहिलेले आपल्या फायद्याचे आहे की नाही ते वेगळे वाचावे लागते.

काही बनवणारे डाउनलोडच्या पानावर फाईलची एक लांबलचक खूण देतात, लिब्रे ऑफिसवाले देतात तशी. आपल्याकडे आलेल्या फाईलची खूण काढायची तर विंडोजमध्ये एक ओळ पुरते:

```
certutil -hashfile setup.exe SHA256
```

इथे setup.exe च्या जागी आपल्या फाईलचे नाव घालावे. येणारी चौसष्ट अक्षरांची ओळ पानावरच्या ओळीशी तंतोतंत जुळली तर फाईल तीच. एक अक्षर जरी वेगळे असेल तर ती फाईल वेगळी आहे. जिथे अशी खूण दिलेलीच नाही तिथे मात्र या तपासाचा उपयोग नाही.

आणखी एक खूण तर शिकवावीसुद्धा लागत नाही. सोबतच्या सूचनांमध्ये 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असे लिहिले असेल तर फाईल पुसून टाकावी. पैसे देऊन घ्यायच्या मराठी सॉफ्टवेअरच्या ज्या 'फुकट' प्रती फिरतात, त्यांच्यासोबत ही सूचना हमखास असते. पहारेकऱ्याला झोपवून घरात येणारा माणूस पाहुणा नसतो. व्हायरस-टोटलसारख्या संकेतस्थळावर फाईल चढवून अनेक अँटीव्हायरसांचे मत एकदम घेता येते, पण तिथे फक्त सेटअप फाईल चढवावी. आपला खाजगी कागद कधीही चढवू नये, कारण तिथे चढवलेली फाईल इतरांच्याही हाती जाऊ शकते. आणि 'काही सापडले नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही, हेही ध्यानात असावे.

सचिवांच्या फाईलवर सही नव्हती. पण गंमत पुढेच आहे. मी विचारले, "काम नेमके काय करायचे आहे?" तेव्हा कळले की त्यांना इंग्रजी अक्षरे दाबून मराठी लिहायचे आहे, लॅपटॉपवर विंडोज १० आहे, आणि छपाई गावातल्याच डीटीपीवाल्याकडे करायची आहे. म्हणजे काहीच उतरवून घ्यायची गरज नव्हती! २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलक विंडोजमध्येच आहे. Settings मध्ये Time & Language, तिथे Language, मग Add a language म्हणून मराठी निवडायची. ती आली की तिच्या Options मध्ये Add a keyboard दाबून Marathi Phonetic घ्यायचा. विंडोज ११ मध्ये त्या पानाचे नाव Language & region आहे, बाकी वाट जवळपास तीच. लिहिताना विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की इंग्रजीचे मराठी होते. इंग्रजीत rashtra टाईप करावे, खाली पर्याय दिसतात, त्यातला 'राष्ट्र' घ्यावा.

ज्यांना रोजचे पानभर लिहायचे आहे त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावा, असे माझे मत आहे. तोही विंडोजमध्येच आहे आणि उच्चारानुसारीच्या कितीतरी वर्षे आधीपासून आहे. त्यात पर्याय निवडत बसावे लागत नाही. K वर क, J वर र, D वर पाय मोडायची खूण. 'दुसऱ्या' मधला अर्धा र हवा तर शिफ्ट दाबून J, मग D, मग य. सवय व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात. कोंकणीही देवनागरीत याच मांडणीने लिहिता येते, तेव्हा गोव्यातल्या माणसाला एका कष्टात दोन भाषा मिळतात.

सांगायचा मुद्दा असा, की सचिवांनी खरा प्रश्न आधी विचारला असता तर पहिले दोन प्रश्न उरलेच नसते. 'ही फाईल सेफ आहे का' याचे सर्वांत चांगले उत्तर पुष्कळदा 'या फाईलची गरज नाही' हे असते. पण ते उत्तर काम कळल्याशिवाय देता येत नाही.

स्मरणिकेत मात्र फाँटचा प्रश्न आला, कारण तिच्यात जाहिराती होत्या आणि ती पाच-दहा रुपयांना विकायचीही होती. भाच्याने पाठवलेले दोन नक्षीदार फाँट 'वैयक्तिक वापरासाठी' होते, ते बाजूला ठेवले. शीर्षकांना बलू आणि मजकुराला मुक्त घेतला. मग अडचण डीटीपीवाल्याकडे आली. त्याचे काम जुन्या सॉफ्टवेअरवर आणि जुन्या फाँटवर चालते. आमची युनिकोड फाईल उघडताच त्याला चौकोन दिसू लागले. त्यावर उपाय म्हणजे पानाची रचना आपणच पूर्ण करून फाँट आत बसवलेली पीडीएफ देणे. पीडीएफ उघडून गुणधर्मांमधल्या Fonts या यादीत प्रत्येक फाँटच्या नावापुढे Embedded असे लिहिले आहे का ते बघावे. तसे असेल तर छापणाऱ्याच्या यंत्रावर तो फाँट नसला तरी अक्षरे तशीच उमटतात. आमची उमटली.

इथेच 'सेफ' चा आणखी एक अर्थ आहे, जो कोणीच विचारत नाही. यंत्र सुरक्षित, पैसे सुरक्षित, पण लिहिलेले सुरक्षित आहे का? युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटांत टाईप केलेल्या फाईली आज उघडून पाहा. तो विशिष्ट फाँट यंत्रावर नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो, कारण आत साठवलेली अक्षरे रोमनच होती, वरचा मुखवटा तेवढा मराठी होता. आपल्या भागातल्या कितीतरी मंडळांच्या स्मरणिका, नाटकांच्या संहिता, गावांच्या इतिहासाच्या टिपणवह्या त्या काळी अशा टाईप झाल्या. त्यांचे कागद उरले असतील तर उरले. त्यांतले काही फाँट फुकट होते आणि त्यांत व्हायरसही नव्हता. तरीही मजकूर वाचला नाही. ज्यांच्याकडे अशा फाईली अजून असतील त्यांनी तो फाँट चालतो आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण ते जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतात, तेव्हा नंतर एकदा डोळ्यांखालून घालावेच लागते.

आता फोनकडे येतो, कारण हल्ली निम्मे मेसेज त्याविषयीच असतात. अँड्रॉइड फोनवर कुठलाही बाहेरचा कळफलक सुरू करताना फोन एक सूचना दाखवतो: तुम्ही टाईप कराल ते सगळे, अगदी पासवर्ड आणि कार्डाचे क्रमांकसुद्धा, हा कळफलक गोळा करू शकतो. ती बघून माणूस घाबरतो आणि मला विचारतो. ती सूचना चांगल्या-वाईट सर्व बाहेरच्या कळफलकांना सारखीच दाखवली जाते, त्यामुळे ती दिसली म्हणून हा कळफलक चोर ठरत नाही. पण तिच्यातले वाक्य शब्दशः खरे आहे. तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ आधी कळफलकाच्या हातातून जाते.

याचे काय होऊ शकते ते २०१७ च्या डिसेंबरात दिसले. 'एआय डॉट टाईप' नावाच्या एका लोकप्रिय कळफलकाच्या कंपनीचा माहितीसाठा पासवर्डाशिवाय इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला. ३ कोटी १० लाख वापरणाऱ्यांची माहिती त्यात होती. नावे, इमेल पत्ते, राहण्याचे ठिकाण, एवढेच नव्हे तर त्यांच्या फोनमधल्या संपर्कयादीतले लोकही. म्हणजे ज्यांनी तो कळफलक कधी पाहिलाही नव्हता त्यांचे क्रमांकसुद्धा त्यात होते. आणि त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट ही, की त्या कळफलकाची फुकट आवृत्ती पैसे देऊन घेतलेल्या आवृत्तीपेक्षा जास्त माहिती गोळा करत होती. ती माहिती जाहिरातींसाठी उपयोगी पडायची.

म्हणूनच मी वर म्हटले की ते दोन प्रश्न पुष्कळदा एकच असतात. फुकट असलेल्या वस्तूचा खर्च कोणीतरी करतच असतो. 'मुक्त' फाँटचा खर्च कुठल्या संस्थेने केला ते उघड असते. विंडोजमधल्या कळफलकाचा खर्च तुम्ही विंडोज घेतले तेव्हाच दिलेला असतो. पण ज्या कळफलकाचा खर्च कोण करतो ते कळतच नाही, तिथे तो तुमच्याकडून वसूल होत असण्याची शक्यता धरून चालावे. तेव्हा कळफलक घेताना त्याने कोणत्या परवानग्या मागितल्या ते पाहा. मराठी लिहायला संपर्कयादी लागत नाही, ठावठिकाणाही लागत नाही. तोंडाने बोलून लिहायचे असेल तर मायक्रोफोन लागतो, बस्स. फोनसोबत आलेल्या कळफलकात मराठी आहे का ते आधी बघा. बहुतेक फोनमध्ये ती असते, फक्त भाषांच्या यादीत जाऊन सुरू करावी लागते.

पैसे देऊन घेतलेले म्हणजे आपोआप सुरक्षित, असे मात्र मी म्हणणार नाही. किमतीने फक्त एवढे कळते की बनवणाऱ्याला एक उत्पन्न आहे. दुसरे आहे की नाही ते कळत नाही. आणि फुकट म्हणजे धोक्याचे हेही तितकेच चूक. वर सांगितलेले चारही फाँट फुकट आहेत आणि मी ते बिनघोर वापरतो.

तेव्हा मंडळी, 'फुकट मरे, सेफ मरे' जरूर विचारा. पण त्याच मेसेजात चार गोष्टी जोडा. काय काम करायचे आहे. कुठल्या यंत्रावर. ही वस्तू तुम्हाला कुठून मिळाली. आणि केलेले काम फक्त घरात राहणार आहे की छापून विकायचे आहे. पहिल्या दोन गोष्टींवरून कळेल की ती वस्तू हवी तरी आहे का. तिसरीवरून 'सेफ' चे उत्तर देता येईल आणि चौथीवरून 'फुकट' चे. मेसेज दोन ओळींनी वाढेल, पण मधले दोन-तीन दिवस वाचतील, आणि कदाचित लॅपटॉपही.